बोलण्यातले मैलाचे दगड

वाचताना धागा सुटला तर तुम्ही पान मागे उलटता. ऐकणाऱ्याला ती सोय नसते. म्हणून ४० मिनिटांच्या व्याख्यानात आपण कुठवर आलो, हे वक्त्याने मधूनमधून सांगायला हवे. मात्र नुसते "आता पुढचा मुद्दा" म्हणून भागत नाही, असे माझे मत आहे.

समजा, तुम्ही इंद्रधनुष्यावर बोलत आहात. पाण्याच्या थेंबात शिरताना प्रकाश वाकतो व त्याचे रंग वेगळे होतात, हे सांगून झाले. इथे क्षणभर थांबा आणि म्हणा, "रंग कसे सुटतात ते कळले, पण सूर्य पाठीशी असताना ते आपल्याला समोर कसे दिसतात? त्यासाठी थेंबाच्या मागल्या बाजूला काय घडते ते पाहू." आता परावर्तनाची गरज श्रोत्यालाच भासू लागते. मध्येच डुलकी लागलेलाही इथून पुन्हा सामील होतो! ४२ अंशांचा कोन त्यानंतर.

आडवाटेला गेलात, तर परतल्याचेही सांगा. न्यूटनच्या लोलकाची गोष्ट संपवून "आता पुन्हा आपल्या थेंबाकडे" असे न म्हणताच पुढे गेलात, तर शेवटी कोणीतरी हमखास विचारतो, "सर, थेंबात लोलक कुठे असतो?"