पेटीत टाकलेला चेक क्लिअरिंगला कधी जातो?

काल भरलेला चेक आज खात्यात जमा दिसत नाही, आणि बँकेत विचारले तर ‘क्लिअरिंगला गेलाय’ एवढेच उत्तर मिळते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने चेक त्याच दिवशी वटण्याची व्यवस्था सुरू केली, हे वाचलेल्या खातेदाराला मग आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते. त्याची तक्रार रास्त आहे. मात्र वेळ नेमका कुठे गेला हे पाहिल्याशिवाय दोष कुणाला द्यायचा ते ठरत नाही.

सांगलीतल्या एका छोट्या वर्कशॉपच्या मालकाचे उदाहरण घेऊ. त्याला ८५ हजारांचा चेक मिळाला. मंगळवारी साडेचारला त्याने तो आपल्या सहकारी बँकेच्या पेटीत टाकला. चेक देणाऱ्याचे खाते दुसऱ्या बँकेत आहे. पेटी त्या दिवसापुरती आधीच उघडून झाली होती, म्हणजे मंगळवार गेला. बुधवारी सकाळी कर्मचाऱ्याने स्लिप ताडून पाहिली आणि चेक स्कॅन केला. इथून पुढे कागद जागचा हलत नाही. चेकची प्रतिमा आणि खालच्या पट्टीतला मजकूर तेवढा पुढे जातो. त्या पट्टीत चेकचा क्रमांक असतो आणि शहर, बँक व शाखा सांगणारा नऊ आकडी कोड असतो. लहान सहकारी बँका बहुधा थेट सदस्य नसतात. त्यांच्या प्रतिमा एखाद्या मोठ्या प्रायोजक बँकेमार्फत जातात, म्हणजे आणखी एक हात वाढला.

पूर्वी दिवसभराचे चेक गठ्ठ्याने जात आणि परतीचे दुसऱ्या दिवशी कळे. आता प्रतिमा दिवसभर येतात तशा पुढे जातात. पैसे देणारी बँक सही, तारीख, रक्कम आणि शिल्लक पाहून ‘पास’ किंवा ‘परत’ कळवते. संध्याकाळी ७ पर्यंत तिने काहीच कळवले नाही, तर चेक मंजूर धरला जातो. बँकांचा आपसातला हिशेब झाला, की तासाभरात ग्राहकाच्या खात्यात रक्कम जमा व्हायला हवी. आपल्या वर्कशॉपवाल्याचे पैसे म्हणून बुधवारी रात्रीपर्यंत यायला हवेत. चेक त्याच बँकेचा असता, तर क्लिअरिंगचा प्रश्नच नव्हता.

यापुढचा टप्पा आणखी वेगवान होता. ३ जानेवारी २०२६ पासून पैसे देणाऱ्या बँकेला निर्णयासाठी फक्त तीन तास मिळणार होते. रिझर्व्ह बँकेने डिसेंबरमध्ये तो पुढे ढकलला. आमच्या मते ते योग्य झाले. शनिवारी कामगारांचा पगार द्यायचा असलेल्याला एकेक तास मोलाचा असतो, हे खरे. पण चेक देणाराही खातेदारच आहे. सही जुळत नाही, आकड्यात खाडाखोड आहे, हे पाहायला माणसाचे डोळे लागतात. घाईत ते राहून गेले आणि वेळ संपल्यामुळे चेक मंजूर धरला गेला, तर पैसे त्याच्या खात्यातून जातात. ५० हजारांवरच्या चेकचा तपशील आधी बँकेला कळवण्याची ‘पॉझिटिव्ह पे’ सोय २०२१ पासून आहे, पण तिचा वापर सगळेच करत नाहीत. तो वाढेपर्यंत संध्याकाळी ७ ची मर्यादा पुरेशी आहे.

पेटीतल्या तासांना मात्र कोणतेही समर्थन नाही. रिझर्व्ह बँकेचे घड्याळ प्रतिमा पुढे गेल्यावर चालू होते. चेक पेटीत किती वेळ पडून राहिला, हे त्या घड्याळात दिसत नाही. आपल्या उदाहरणात दोन दिवसांतला एक इथेच गेला, आणि वर्कशॉपवाल्याला ते कळण्याचा मार्गही नव्हता. दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारच्या आदल्या दिवशी दुपारी टाकलेला चेक तर थेट सोमवारी निघतो. पेटी किती वाजता उघडते हे बँकांनी तिच्यावरच ठळक लिहावे, आणि चेक स्कॅन झाल्यावर ग्राहकाला एसएमएस पाठवावा. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही, कारण स्कॅनची वेळ बँकेकडे नोंदलेलीच असते.

तोवर खातेदाराने मोठ्या रकमेचा चेक पेटीत टाकू नये. काउंटरवर देऊन शिक्क्याची पावती घ्यावी. पैसे आले नाहीत, तर ‘कधी जमा होईल’ असे न विचारता ‘कोणत्या तारखेच्या क्लिअरिंगला पाठवला आणि तिकडून काय कळवले’ असे विचारावे. चेक परत आला असेल, तर कारणाचा मेमो लगेच मागून घ्यावा. खात्यात शिल्लक नाही म्हणून तो परत आला असेल, तर ते कळल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. पेटीत गेलेला दिवस परवडेलही, ही मुदत चुकवणे परवडणार नाही.