जकातीची यादी आहे, मग मालमत्तेची का नाही?

रमजान जवळ आला की आपले बहुतेक दुकानदार आणि कारखानदार बंधू वही काढून बसतात. गल्ला मोजतात, माल मोजतात, येणे-देणे लिहितात आणि अडीच टक्क्यांचा आकडा काढतात. जकात अदा झाली की तो कागद खणात जातो आणि पुढच्या रमजानपर्यंत कोणी त्याला हात लावत नाही. आमचे म्हणणे एवढेच की त्याच बैठकीत आणखी दोन तास दिले, तर वर्षभरात आपण पुढे गेलो की मागे आलो, याचा खरा हिशेब हाती येतो. विक्री वाढली म्हणजे प्रगती झाली असे धरून चालणारे पुष्कळ जण आम्ही पाहतो. विक्री म्हणजे दुकानातून गेलेला माल. आपले किती उरले, ते तिच्यातून कळत नाही.

मात्र जकातीची यादी आणि मालमत्तेची यादी एकच नव्हे. शिलाई मशीन, लूम, सुताराची हत्यारे, राहते घर, दुकानातील कपाटे यांच्यावर जकात नाही, म्हणून ती पहिल्या यादीत येत नाहीत. दुसरीत ती आलीच पाहिजेत. विक्रीचा माल जकातीसाठी त्या दिवसाच्या बाजारभावाने धरतात. प्रगती मोजताना मात्र तो खरेदीच्या किमतीने धरावा, आणि त्या किमतीलाही जाणार नसेल तर जेवढ्याला जाईल तेवढ्यानेच. न विकलेल्या मालावरचा नफा अजून झालेला नसतो. म्हणून एका कागदावर दोन रकाने करावेत आणि एकाचा आकडा दुसऱ्यात मिसळू नये. जकातीत कोणते कर्ज वजा करायचे, बुडीत उधारी कशी धरायची, हे आपापल्या आलिमांना विचारावे. तो आमचा प्रांत नाही.

दिवस कोणता, हाही प्रश्न आहे. चांद्र वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते, आणि रमजानच्या सुरुवातीला कापड-चपलांचे दुकान ईदच्या मालाने भरलेले असते. तो माल बराचसा उधारीवर आलेला असतो. माल मोजला आणि घाऊक व्यापाऱ्याचे बिल अजून वहीत चढलेले नसले, की आपण फुकट श्रीमंत दिसतो. म्हणून दुसऱ्या रकान्यासाठी ३१ मार्च बरा. त्या दिवशी सरकारी हिशेबाचे वर्षही संपते आणि बिले एका जागी असतात. ज्यांना दोनदा मोजणे जड वाटते त्यांनी रमजानचाच दिवस ठेवावा, पण मग आलेल्या प्रत्येक गठ्ठ्याचे देणे लिहिल्याशिवाय कागद बंद करू नये.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावी रेडिमेड कपड्यांचे एक दुकान आहे, मागे दोन शिलाई मशीन चालतात. ३१ मार्च २०२४ ला मालकाने नीट यादी केली. रोख आणि बँक ६० हजार, माल ५ लाख २० हजार, येणे उधारी १ लाख ४० हजार, मशीन-फर्निचर १ लाख, दुकानाचे डिपॉझिट १ लाख, घर बांधण्यासाठी घेतलेला प्लॉट ४ लाख. एकूण १३ लाख २० हजार. देणे असे: घाऊक व्यापारी १ लाख ८० हजार, मेहुण्याचे हातउसने १ लाख, बाकी राहिलेला मेहर २५ हजार. एकूण ३ लाख ५ हजार. वजा जाता स्वतःचे उरले १० लाख १५ हजार.

३१ मार्च २०२५ ला यादी घाईत झाली. रोख १ लाख १० हजार, माल ७ लाख ४० हजार, उधारी २ लाख १० हजार, मशीन आणि डिपॉझिट पूर्वीइतकेच, प्लॉट ६ लाख. देणे व्यापाऱ्यांचे २ लाख ६० हजार, मेहुण्याचे ६० हजार, मेहर २५ हजार. वजाबाकी केली तर १५ लाख १५ हजार. म्हणजे वर्षात पाच लाखांची वाढ! असा आकडा पाहून माणूस दुसरे दुकान घ्यायला निघतो.

पण एकेक ओळ तपासू. प्लॉट सहा लाखांचा झाला हे शेजाऱ्याने सांगितले. तो विकलेला नाही आणि विकायचाही नाही. भाव चढल्याचे बाजूला टिपून ठेवावे, यादीत खरेदीचेच ४ लाख राहू द्यावेत. माल लेबलावरच्या किमतीने मोजला होता. बिलांवरून पाहिला तर तो ६ लाखांचा निघाला, आणि त्यातला ६० हजारांचा माल मागच्या ईदचा, फॅशन गेलेला, फार तर निम्म्याला जाईल. म्हणजे माल खरा ५ लाख ७० हजार. उधारीतले ६० हजार असे की वर्ष उलटून गेले तरी एक रुपया आलेला नाही. ते वसूल करायचेच, पण यादीत धरायचे नाहीत. मशीनची झीज १० हजार.

देण्याच्या बाजूला तर दोन नोंदी राहूनच गेल्या. दहा जणांची दरमहा दहा हजारांची भिशी चौथ्या महिन्यात उचलली, ते पैसे मालात गेले, पण सहा हप्ते म्हणजे ६० हजार अजून भरायचे आहेत. भिशी लागली की ती कमाई वाटते, प्रत्यक्षात ते कर्ज असते. दुसरे, एका नातेवाइकाने हजला जाण्यासाठी साठवलेले ४० हजार दुकानाच्या तिजोरीत ठेवले होते. ते रोख रकमेत मोजले गेले. अमानत आपली नसते. मजुरीवर कापड विणणाऱ्यांकडे शेठचे सूत असते, त्याचीही गोष्ट तीच.

(बायकोचे दागिने या गृहस्थांनी यादीत घेतले नाहीत, हे मात्र बरोबर केले. ते तिचे आहेत.)

सगळी दुरुस्ती केल्यावर मालमत्ता १४ लाख २० हजार, देणे ४ लाख ४५ हजार, उरले ९ लाख ७५ हजार. गेल्या वर्षीपेक्षा ४० हजारांनी कमी.

म्हणजे धंदा तोट्यात गेला का? तसे म्हणता येणार नाही, आणि इथेच या यादीचा खरा उपयोग आहे. वर्षभरात घरखर्च, मुलांची फी, दवाखाना आणि जकात मिळून दुकानातून ३ लाख रुपये उचलले गेले. घटलेले ४० हजार त्यातून वजा करा, की दुकानाने मिळवले २ लाख ६० हजार. दुकान चालते आहे, पण घर त्याच्या मिळकतीपेक्षा ४० हजार जास्त नेते आहे आणि ती खोट भिशी आणि व्यापाऱ्यांची उधारी भरून काढते आहे. उचल लिहिलेली नसती तर हे कळलेच नसते. माणसाने दुकानाला दोष दिला असता, किंवा जास्त माल भरून आणखी देणे करून घेतले असते.

त्यासाठी गल्ल्याजवळ एक वेगळी वही पुरे. घरी नेलेली प्रत्येक रक्कम, पन्नास रुपयांची भाजीसुद्धा, तारखेसह तिच्यात लिहावी. यादीच्या दिवशी दुकान बंद करून एकाने माल मोजावा, दुसऱ्याने लिहावे, आणि किंमत बिलावरून घालावी, आठवणीवरून नको. जी पद्धत पहिल्या वर्षी धरली तीच दुसऱ्या वर्षी ठेवावी. या वर्षी जुना माल निम्म्याने आणि पुढच्या वर्षी पूर्ण किमतीने धरला, तर दोन कागदांची तुलनाच होत नाही. वरच्या दुकानदाराला पुढच्या यादीत पाहायच्या गोष्टी तीनच आहेत: ते साठ हजारांचे जुने कपडे निघाले का, थकलेली उधारी आली का, आणि महिन्याची उचल पंचवीस हजारांवरून एकवीस हजारांवर आली का.