गर्भपिशवी गेली, अंडाशयांचे काय?

गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियेची चर्चा मराठवाड्यात २०१९ मध्ये खूप झाली. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातूनही, कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून दरवर्षी टोळ्या ऊसतोडीला जातात. शस्त्रक्रिया गरजेची होती की नव्हती, यावर तेव्हा बरेच बोलले गेले. ज्यांची पिशवी गेलीच आहे, त्यांचे पुढे काय, हा प्रश्न मात्र मागे पडला.

या बायकांना बहुधा एक वाक्य ऐकवलेले असते, ‘अंडाशय ठेवलेत, काळजी करू नका.’ हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे.

पाळी येते गर्भपिशवीतून, पण तिचे वेळापत्रक गर्भपिशवी ठरवत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अंडाशयांना संदेश पाठवते. त्यानुसार दर महिन्याला एक बीज वाढते आणि इस्ट्रोजेन तयार होते. बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढते आणि दोन आठवड्यांत उतरते. गर्भपिशवीचे अस्तर या चढउताराला फक्त प्रतिसाद देते. त्यामुळे पिशवी काढून अंडाशय ठेवले, तर रक्तस्राव थांबतो, पण चक्र चालू राहते. सुटलेले बीज पोटातच विरून जाते. स्तन जड होणे, चिडचिड, ओटीपोटात एका बाजूला कळ येणे, असे काही जणींना दर महिन्याला जाणवत राहते. त्यात बिघाड काही नाही. अंडाशय काम करत असल्याची ती खूण आहे.

हे माहीत नसले की दुसऱ्या शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते. पोटात दुखते म्हणून सोनोग्राफी होते आणि अंडाशयावर दोन-अडीच सेंटिमीटरची ‘पाण्याची गाठ’ दिसते. पिकत आलेल्या बीजाची पिशवीच साधारण तेवढी असते. तशी साधी, पातळ भिंतीची गाठ बहुतेक वेळा आपोआप जिरते. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली की ते कळते. गाठ मोठी असेल, आत घट्ट भाग दिसत असेल किंवा वेदना अचानक तीव्र झाल्या असतील, तर गोष्ट वेगळी. पण केवळ ‘गाठ आहे’ या शब्दावर राहिलेले अंडाशयही काढून टाकणे म्हणजे एका दिवसात रजोनिवृत्ती ओढवून घेणे.

आता दुसरा प्रश्न. अंडाशय ठेवले तरी रजोनिवृत्ती लवकर येते का? काही जणींत येते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात ३० ते ४७ वयाच्या स्त्रियांचा काही वर्षे पाठपुरावा झाला आणि त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. चार वर्षांनंतर गर्भपिशवी काढलेल्या, पण निदान एक अंडाशय राखलेल्या गटात सुमारे १५ टक्के जणींचे अंडाशय थकले होते. पिशवी शाबूत असलेल्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. रजोनिवृत्ती सरासरी दोन वर्षे आधी येईल, असा त्यांचा अंदाज. न्यूझीलंडमधील आधीच्या एका अभ्यासात हा फरक पावणेचार वर्षांच्या जवळपास निघाला होता. एकच अंडाशय राखलेल्यांत धोका अधिक दिसला. तरीही चार वर्षांनी शंभरातल्या ८५ जणींचे अंडाशय चालू होते, हेही विसरू नये.

असे का व्हावे? अंडाशयाला रक्त दोन वाटांनी मिळते. एक थेट महाधमनीतून, दुसरी गर्भपिशवीच्या रोहिणीच्या शाखेतून. पिशवी काढताना ही दुसरी वाट बांधावी लागते. पुरवठा घटून अंडाशय लवकर थकत असावा, हे एक स्पष्टीकरण. ज्या आजारासाठी पिशवी काढली, त्याचाही त्यात वाटा असू शकतो.

परदेशातील दोन वर्षे इथे जास्त जड का पडतात, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, कळंब तालुक्यातील एका ऊसतोड महिलेची पिशवी ३२व्या वर्षी काढली आणि ४०व्या वर्षी तिचे अंडाशय थकले. भारतीय स्त्रीची रजोनिवृत्ती सरासरी ४६-४७व्या वर्षी येते. म्हणजे सहा-सात वर्षे ती इस्ट्रोजेनशिवाय काढणार. याच काळात हाडे वेगाने झिजतात आणि हृदयविकाराचा धोका वाढू लागतो. तिचा दिवस पहाटे सुरू होतो, डोक्यावर मोळ्या वाहून ती ट्रक भरते. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने झोप मोडते, सांधे धरतात, संबंधांच्या वेळी कोरडेपणामुळे दुखते. ती म्हणते, ‘ऊन लागलंय’, ‘कामाचा शीण आहे’. इतर बाईची पाळी चुकू लागते, म्हणून तिला बदल कळतो. हिच्याकडे ती खूणच उरलेली नाही.

निदान अवघड नाही. वरची लक्षणे असतील तर रक्तातील एफएसएच हे संप्रेरक तपासावे. अंडाशय थकले की पीयूषिका जोर लावते आणि एफएसएच वाढते. मात्र बीज सुटण्याच्या सुमारासही ते थोडा वेळ चढते आणि पाळीच नसल्याने चक्राचा कोणता दिवस आहे हे कळत नाही. म्हणून एका तपासणीवर शिक्का मारू नये, चार ते सहा आठवड्यांनी ती पुन्हा करावी. रजोनिवृत्ती ४५च्या आत आली असेल, तर नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन देण्याचा विचार डॉक्टरांनी जरूर करावा. पिशवी नसल्याने बहुतेक जणींना सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा आजार झालेल्यांसाठी हा उपचार सहसा नसतो.

पण या सगळ्याची सुरुवात एका साध्या माहितीपासून होते, अंडाशय आहेत की नाहीत? अनेक जणींना ते सांगता येत नाही. ‘पिशवी काढली’ या दोन शब्दांत सगळे येते. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजी अक्षरांची दोन-तीन जोडाक्षरी लघुरूपे असतात आणि ते कार्डही कारखान्याच्या वाटेवर कुठेतरी हरवते. दोन्ही अंडाशय काढलेल्या तिशीतल्या बाईला इस्ट्रोजेनचा विचार शस्त्रक्रियेनंतर लगेच व्हायला हवा. राखलेलीला दरवर्षी विचारपूस हवी. दोघींचे कार्ड सारखेच दिसत असेल, तर दोघींवरही अन्याय होतो.

म्हणून सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने कार्डावर मराठीत एक ओळ लिहावी, ‘गर्भपिशवी काढली. उजवे अंडाशय ठेवले अथवा काढले. डावे अंडाशय ठेवले अथवा काढले.’ हीच नोंद गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात राहावी. टोळ्या निघण्यापूर्वी आणि परतल्यावर आशाताईंनी या बायकांना तीनच प्रश्न विचारावेत, वाफा येतात का, रात्री घामाने जाग येते का, कोरडेपणा आहे का? यासाठी नवे यंत्र लागत नाही. ज्या बाईचे कार्ड हरवले आहे, तिच्यासाठी जुन्या रुग्णालयातून शस्त्रक्रियेची नोंद मागवावी. ती मिळवण्याचा तिला हक्क आहे.