तातडीला तासाची सवलत

पावसाळ्यात पनवेलच्या दवाखान्यांत दोन प्रकारचे रुग्ण एकाच बाकावर बसतात. एक तापाने फणफणलेला, दुसरा दोन महिन्यांपासून मांडीवर गजकर्ण खाजवणारा. आधी कुणाला आत घ्यायचे, हा प्रश्न रोजचा आहे. त्याला दोन उत्तरे दिली जातात आणि दोन्ही मोठ्या ठामपणे दिली जातात. मला ती दोन्ही चुकीची वाटतात. तिसरे उत्तर आहे, ते सोपे आहे, आणि एका वहीवर चालते.

पहिले उत्तर असे: नंबर म्हणजे नंबर, जो आधी आला तो आधी. या बाजूचे लोक म्हणतात की एकदा नंबर मोडायची सोय केली की डॉक्टरांचे ओळखीचे, औषध कंपनीचे प्रतिनिधी, ‘फक्त रिपोर्ट दाखवायचाय’ म्हणणारे सगळे त्याच दारातून आत शिरतात. ही भीती खरी आहे. नेऱ्याहून किंवा वावंज्याहून एसटीने आलेल्या माणसाला दुसरा कुठलाच आधार नसतो, नंबर हा त्याचा एकमेव हक्क असतो. पण एवढ्यावरून आल्या क्रमानेच तपासावे असे ठरत नाही. हा नियम रुग्णाची वेळ बघतो, रुग्णाला बघत नाही.

एक उदाहरण घेतो. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो, एक-दोन उलट्या होतात, आणि सकाळी तो दवाखान्यात येऊन विसावा नंबर घेतो. अंगावर जखम नाही, सूज नाही. त्याला मण्यार चावलेली असू शकते. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही आणि तिच्या दातांची खूण शोधूनही सापडत नाही. मग त्याच्या पापण्या जड होऊन खाली येऊ लागतात, बोलणे जड होते, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थकतात. विसावा नंबर म्हणजे सहा मिनिटांना एक या हिशेबाने जवळपास दोन तास. तेवढ्या वेळात त्याला प्रतिविष आणि श्वासाचे यंत्र असलेल्या रुग्णालयात पोहोचवायला हवे होते. नंबर इमानदारीने पाळला म्हणून ही चूक लहान होत नाही.

दुसरे उत्तर याच उदाहरणाचा आधार घेते: गंभीर आधी, बाकीचे थांबतील. वैद्यकीय शहाणपण म्हणून हे सहसा कुणी तपासूनही बघत नाही, म्हणून यावर जास्त थांबतो.

समजा एक डॉक्टर आहेत, सकाळी 10 ते 1 बसतात, एका रुग्णाला 6 मिनिटे देतात. गजकर्णाचा आपला रुग्ण 10 वाजता येतो. त्याच्या पुढे त्याच्यासारखेच पाच साधे रुग्ण 9:30 पासून बसलेले आहेत. नुसत्या नंबराने तो 10:30 ला आत गेला असता. पण दिवस तापाच्या साथीचे आहेत. 10:07, 10:14, 10:21 असा दर सात मिनिटांनी एक तातडीचा रुग्ण येतो: जास्त ताप, दम, जुलाबाने गळून गेलेले मूल. प्रत्येक वेळी तो सर्व साध्यांच्या पुढे. सात मिनिटांतली सहा त्याच्याकडे जातात, साध्यांच्या वाट्याला एकच मिनिट उरते. अशा एकेका मिनिटातून पाच जणांची 30 मिनिटे भरून निघायला किती वेळ लागतो, याचा हिशेब मांडला तर आपला माणूस आत जातो 12:54 ला, म्हणजे दवाखाना बंद व्हायला सहा मिनिटे असताना. त्याच्यानंतर आलेले साधे रुग्ण त्या सकाळी आत जातच नाहीत. कुणीही खोटे बोलले नाही, कुणी वशिला लावला नाही, नियम काटेकोर पाळला, आणि तरी हे झाले.

‘गजकर्णाने कुणी मरत नाही’ असे यावर सांगितले जाते. बरोबर आहे. पण तीन तास बसून कंटाळलेला माणूस उठतो आणि समोरच्या मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेले मलम घेतो. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी पसरत राहते, आणि पुढच्या वेळी तेच गजकर्ण साध्या औषधाला दाद देत नाही. त्याच बाकावर रक्तदाबाची महिन्याची गोळी लिहून घ्यायला आलेली बाई असते. ती दोनदा परत गेली की तिसऱ्यांदा येत नाही, गोळी सुटते, आणि कधीतरी ती खरोखरच तातडीची रुग्ण होऊन परत येते. साध्यांना अमर्याद थांबवणारा नियम उद्याचे गंभीर रुग्ण तयार करतो. शिवाय तीन तास बसणारा नाक्यावरचा मजूर असेल तर त्या दिवसाची मजुरी गेली, आणि तिचा आकडा कुठल्याच केसपेपरवर चढत नाही.

मग करायचे काय? प्रतीक्षेला स्वतःचे वजन द्यायचे. रुग्ण जितका थांबेल तितका त्याचा हक्क वाढत जावा. रांगांच्या गणितात ही कल्पना जुनी आहे. इंटरनेटच्या पायाभरणीमुळे पुढे प्रसिद्ध झालेल्या लेनर्ड क्लाइनरॉक यांनी 1964 मध्ये तिच्यावर शोधनिबंध लिहिला. दवाखान्यात ती ऐकवली की लगेच विचारतात, दर मिनिटाला सगळ्यांचे गुण कोण मोजत बसणार? कुणालाच मोजावे लागत नाहीत. सगळ्यांचा हक्क सारख्याच वेगाने वाढत असेल तर दोघांमधले अंतर कधीच बदलत नाही. म्हणून ते रुग्ण आल्या क्षणी एकदाच ठरवता येते. तातडीच्या रुग्णाच्या केसपेपरवर त्याची येण्याची वेळ एक तास मागची लिहायची. 10:21 ला आला तर 9:21. साध्या रुग्णाची वेळ आहे तीच. मग सगळे केसपेपर या लिहिलेल्या वेळेप्रमाणे लावायचे आणि वरून एकेक उचलायचा. कंपाउंडरला एवढेच करायचे आहे.

आता तीच सकाळ पुन्हा चालवून बघा. आपल्या माणसाची वेळ 10:00. 10:07 पासून 10:56 पर्यंत आलेले आठ तातडीचे रुग्ण त्याच्या पुढे जातात, कारण त्यांच्या कागदावर 9:07 ते 9:56 आहे. 11:03 ला आलेल्या रुग्णाच्या कागदावर 10:03 पडते, तो त्याला ओलांडू शकत नाही. पुढचे पाच आणि हे आठ मिळून तेरा जण, 78 मिनिटे. तो 11:18 ला आत जातो. आल्यावर तासाभराने येणारा कुठलाही तातडीचा रुग्ण त्याच्या पुढे जाणार नाही, हे त्याला आल्याआल्याच सांगता येते. दुसऱ्या नियमात असे कुठलेच वचन देता येत नव्हते.

याची किंमत कोण देतो, हे लपवू नये. 11:03 ला आलेल्या तापाच्या मुलीला ‘गंभीर आधी’च्या नियमात फार तर सहा मिनिटे थांबावे लागले असते. आता ती 11:24 ला आत जाते, म्हणजे 21 मिनिटांनी. ही किंमत मला मान्य आहे, कारण ती मोजून ठरवलेली आहे. दक्षिण आफ्रिकेच्या वर्गवारीत पिवळ्या गटाच्या, म्हणजे तातडीच्या पण लगेच जीवावर न बेतलेल्या रुग्णाला तासाच्या आत आणि हिरव्या, साध्या रुग्णाला चार तासांच्या आत तपासावे असे धरले आहे. ती मुलगी त्या मर्यादेच्या खूप आत आहे. मात्र तिला जी 21 मिनिटे चालतात ती मण्यार चावलेल्याला चालत नाहीत. म्हणून तिसरा गट या हिशेबाच्या बाहेरच ठेवायचा. श्वास अडकलेला, झटके येणारा, बेशुद्ध, हातपाय थंड पडलेला, छातीत दाबल्यासारखे दुखून घाम सुटलेला, पापण्या उतरू लागलेला रुग्ण रांगेत बसवायचाच नाही. आत कुणी असेल तरी दार उघडायचे. कितीही वेळ थांबलेले गजकर्ण त्याच्या पुढे जाऊ शकत नाही. ‘थांबण्याला वजन दिले तर सर्दी हृदयविकाराच्या पुढे जाईल’ हा आक्षेप या एका ओळीने संपतो.

अजून एक आक्षेप उरतो, आणि तो वजनदार आहे: सगळेच म्हणतील माझे तातडीचे आहे. म्हणूनच रुग्णाला विचारून गट ठरवायचा नसतो. नोंद करणाऱ्याने ताप मोजावा, बोटाला ऑक्सिमीटर लावावा, श्वास मोजावे आणि ठरलेली यादी बघावी. जागतिक आरोग्य संघटनेने लहान मुलांसाठी अशी यादी केली आहे: दोन महिन्यांच्या आतले बाळ, खूप ताप, धाप, पांढुरकेपणा, तीव्र वेदना, विषबाधा, भाजलेले, दुसऱ्या डॉक्टरने चिठ्ठी देऊन पाठवलेले. ही चिन्हे पाहायला पदवी लागत नाही, चार दिवसांचा सराव लागतो. आणि जो गट दिला तो कारणासह केसपेपरवर लिहावा. कारण लिहायचे म्हटले की ओळखीच्या माणसाला तासाची सवलत देणारा हात अडखळतो. नंबरवाल्यांना ज्या वशिल्याची भीती आहे, त्याच्यावर एवढा चाप आजच्या ‘नंबर म्हणजे नंबर’मध्येही नाही. आज वशिला कुठेच लिहिला जात नाही.

गट एकदा दिला म्हणून कायमचा नव्हे. दर अर्ध्या तासाने बाकावरून एक फेरी मारायलाच हवी. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होऊ शकतो. ‘आता बरं वाटतंय’ म्हणणारा रुग्ण पोट दुखते, उलट्या थांबत नाहीत असेही सांगत असेल, तर त्याचा कागद त्याच क्षणी वर सरकला पाहिजे. पहाटे पोटात दुखत असलेल्याला ‘कुठे झोपला होतात?’ हे विचारायची जागाही हीच.

सवलत तासाचीच का? ती दवाखान्याने आपल्या गर्दीवरून ठरवावी. अर्ध्या तासाची ठेवली तर साध्यांचे बरे होते आणि तापाची मुले जास्त थांबतात. दोन तासांची ठेवली तर तीन तासांच्या ओपीडीत ती जवळपास ‘गंभीर आधी’सारखीच होते. क्रम बदलून डॉक्टरची मिनिटे वाढत नाहीत. एकाची वाट कमी केली की ती दुसऱ्याच्या वाट्याला जाते. त्यामुळे तातडीच्या रुग्णांची प्रतीक्षा अर्ध्या तासाच्या वर जाऊ लागली, तर दोष सवलतीत शोधू नये. रुग्ण डॉक्टरच्या आवाक्याबाहेर गेले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवशी नंतर येणाऱ्या साध्या रुग्णांना बाकावर ताटकळत न ठेवता दारातच सांगावे की सकाळी जमणार नाही, संध्याकाळी या. मात्र त्यांच्या कागदावर सकाळचीच वेळ राहू द्यावी. 12:10 ला परत गेलेली रक्तदाबाची बाई संध्याकाळी 6 ला आली तर कागदावर 12:10 च असेल, आणि 6 ला आलेल्या तापाच्या रुग्णाची 5 वाजताची वेळ तिच्या मागे लागेल.