दिवस राहिले म्हणून गोळी थांबवू नका

चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटतात आणि त्याच संध्याकाळी नैराश्याची गोळी बंद होते. बहुतेक वेळा हा निर्णय डॉक्टरांनी घेतलेला नसतो. घरातले कुणीतरी म्हणते, ‘आता असल्या गोळ्या नकोत’, किंवा औषध दुकानदार पाकिटातला कागद वाचून मान हलवतो. कधी कधी प्रसूतीतज्ज्ञच केसपेपरवर ‘मानसिक आजाराची सर्व औषधे बंद’ असे लिहून टाकतात. हेतू बाळाच्या भल्याचाच असतो. पण ज्या बाईला गंभीर नैराश्य होऊन गेले आहे, तिच्यासाठी अनेकदा हाच निर्णय सगळ्यात जोखमीचा ठरतो.

येथे प्रश्न आहे तो एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचा, म्हणजे सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्राम, फ्लुऑक्सेटीन वगैरेंचा. मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणारी ही औषधे नैराश्य आणि चिंतेच्या आजारासाठी दिली जातात. फिट्स किंवा मूड स्थिर ठेवण्यासाठी दिले जाणारे व्हॅल्प्रोएट हे वेगळे औषध आहे. त्याने बाळात व्यंग येण्याचा धोका खरोखरच मोठा आहे. दोन्हींना ‘डोक्याच्या गोळ्या’ म्हटले की गोंधळ होतो आणि एकाची भीती दुसऱ्याला चिकटते.

एक उदाहरण घेऊ. सत्तावीस वर्षांची बाई आहे. आधी दोनदा नैराश्य झाले, दुसऱ्या वेळी जीव देण्याचा प्रयत्न झाला. गेले वर्षभर सर्ट्रालीन १०० मिलिग्रॅमवर ती बरी आहे, घर आणि नोकरी दोन्ही सांभाळते आहे. सहाव्या आठवड्यात दिवस राहिल्याचे कळले आणि तिने गोळी सोडली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गरगरणे, डोक्यात झटका बसल्यासारखे वाटणे, चिडचिड, झोप उडणे सुरू झाले. घरचे म्हणाले, डोहाळे आहेत. खरे तर ही गोळी एकदम सोडल्याची लक्षणे होती. ती काही दिवसांतच सुरू होतात आणि गोळी पुन्हा घेतली तर एक-दोन दिवसांत ओसरतात. आजार उलटतो तो मात्र हळूहळू, काही आठवड्यांत. भूक जाते, पहाटे जाग येते, बाळाबद्दल काहीच वाटत नाही, तपासणीच्या तारखा चुकतात. म्हणूनच पहिल्या आठवड्यात ‘बघा, गोळीशिवायही जमते आहे’ असे वाटणे फसवे असते.

आता तिच्यापुढचे पर्याय तोलून पाहू. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नैराश्याचा इतिहास असलेल्या, पण गरोदर राहताना बऱ्या असलेल्या २०१ स्त्रियांचा पाठपुरावा केला होता. ज्यांनी गोळ्या चालू ठेवल्या त्यांच्यातल्या शंभरात २६ जणींचा आजार उलटला. ज्यांनी बंद केल्या त्यांच्यात हे प्रमाण शंभरात ६८ होते. या स्त्रियांचा आजार बहुतांशी जुना आणि पुन्हा पुन्हा होणारा होता, हे लक्षात ठेवायला हवे. एकदाच सौम्य नैराश्य झालेल्या बाईला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण आपल्या उदाहरणातली बाई नेमकी त्या ६८ वाल्या गटातली आहे.

पारड्याच्या दुसऱ्या बाजूला बाळ आहे. कोणतेही औषध न घेणाऱ्या मातांच्याही शंभरातल्या दोन-तीन बाळांत काही ना काही जन्मजात व्यंग आढळते. सर्ट्रालीनमुळे त्यात लक्षणीय भर पडल्याचे मोठ्या अभ्यासांत दिसलेले नाही. पॅरॉक्सेटीनबद्दल २००५ मध्ये हृदयातील दोषांची शंका पुढे आली. नंतरच्या मोठ्या अभ्यासात ती बरीचशी मावळली, तरी मूल हवे असेल तर नव्याने सुरू करण्यासाठी आम्ही ते निवडत नाही. आणखी एक भीती असते ती नवजात बाळाच्या फुफ्फुसांतला रक्तदाब वाढण्याची. एरवी हजारात सुमारे दोन बाळांना होणारा हा गंभीर त्रास शेवटच्या महिन्यांत या गोळ्या घेतल्यास हजारात सुमारे तीन बाळांना होतो. धोका वाढतो, पण हजारातील ९९७ बाळांना तो त्रास होत नाही.

एक गोष्ट अनेकदा सुटते. सहाव्या आठवड्यात चाचणी होते तेव्हा बाळाच्या हृदयाची घडण सुरू झालेली असते आणि औषध तोवर पोहोचलेले असते. त्या दिवशी गोळी थांबवून आधीचा संपर्क पुसला जात नाही. घाईने दुसरी ‘सुरक्षित’ गोळी सुरू केली तर बाळाचा संपर्क एकाऐवजी दोन औषधांशी येतो, आणि नवी गोळी लागू पडेल याची खात्री नसते. जी गोळी तिला उपयोगी पडली आहे, तीच बहुधा चालू ठेवावी. शेवटच्या तिमाहीत शरीर बदलते, काहींच्या रक्तात औषध कमी पडू लागते आणि डोस वाढवावा लागतो. ‘बाळासाठी निम्मी गोळी’ हा तोडगा त्यामुळे दोन्हीकडून तोट्याचा आहे, कारण बाळाला औषध पोहोचतेच आणि आईला ते पुरत नाही.

प्रसूतीआधी गोळी कमी करावी का, असे नातेवाईक विचारतात. कारण अशा काही बाळांना पहिले काही दिवस थरथर, किरकिर, जलद श्वास, दूध ओढायला त्रास असे होते. बहुतेकांचे ते काही दिवसांत आपोआप निवळते. पण गोळी कमी केल्याने आई नेमक्या सर्वांत नाजूक काळात उघडी पडते. त्यापेक्षा प्रसूती कक्षात आणि बालरोगतज्ज्ञांना गोळीचे नाव व डोस आधी सांगावा आणि बाळावर ४८ तास लक्ष ठेवावे. सरकारी रुग्णालयात नॉर्मल प्रसूतीनंतर तेवढे थांबवून घेण्याची पद्धत तशीही आहे. या गोळ्यांनी प्रसूतीनंतरचा रक्तस्राव किंचित वाढू शकतो, म्हणूनही हे आधी सांगावे.

अंगावर पाजण्याचा हिशेब सोपा आहे. ५५ किलोच्या आईला १०० मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे सुमारे १.८ मिलिग्रॅम औषध मिळते. त्यातला जास्तीत जास्त, समजा दोन टक्के, वाटा दुधातून गेला, तर साडेतीन किलोच्या बाळाला दिवसाला मिलिग्रॅमचा जेमतेम आठवा भाग मिळतो. बहुतेक बाळांच्या रक्तात सर्ट्रालीन मोजण्याइतकेही सापडत नाही. फ्लुऑक्सेटीन शरीरात फार काळ राहते, म्हणून बाळ अंगावर पीत असताना ते पहिली पसंती नसते. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा फार कमी वजनाचे असेल तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. एरवी बाळ वेळेवर पिते का, फार सुस्त तर नाही ना, एवढे पाहावे. आशाताई ४२ दिवसांत घरी येऊन वजन करतात, ते नोंदवून ठेवावे.

सर्वांनीच गोळी चालू ठेवावी असे मी म्हणत नाही. एकदाच आणि सौम्य आजार झाला, बराच काळ बरे आहे, समुपदेशन मिळते, अशा बाईची गोळी मूल होऊ देण्याच्या आधी काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करून पाहता येते. पूर्वी कधी अतिउत्साह, कमी झोपूनही दमणूक नसणे, बेफाम खर्च असे झाले असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे. तो आजार वेगळा असतो, आणि त्यात ही एकटी गोळी योग्य नसते.

आपल्याकडे एक अडचण हटकून येते. सातव्या महिन्यानंतर बाई माहेरी जाते, डॉक्टर बदलतात आणि जुनी चिठ्ठी सासरी राहते. गोळी संपली की संपली. दोन महिन्यांच्या गोळ्या, डोस लिहिलेला कागद आणि मानसोपचारतज्ज्ञांचा फोन नंबर तिच्या प्रसूतीच्या फाइलमध्येच ठेवावा. बाळ झोपलेले असतानाही आईला झोप येत नसेल, ती बाळाला घ्यायला घाबरत असेल, किंवा ‘मी नसते तर बरे’ असे बोलत असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. रात्र असली तरी टेलीमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चालू असतो. जिवाला धोका वाटत असेल तर थेट जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे, आणि तोवर तिला व बाळाला एकटे सोडू नये.