आईला पालक करणारी दोन ओळींची वसियत

तिशीतल्या आईवडिलांशी वसियतीचा विषय काढला की बहुतेक जण म्हणतात, "आपल्यात शरियतने वाटे ठरवूनच दिलेत, लिहायचं काय?" वाटे ठरलेले आहेत, हे खरे. पण लहान मुलाचा वाटा कोण सांभाळणार, हे वाट्यांच्या कोष्टकात नसते. आणि आपल्या घरांतले सगळ्यात कडू भांडण तिथेच होते.

हिशेबासाठी एक सुन्नी हनफी कुटुंब धरू. नवरा ३४ वर्षांचा, बायको ३०, मुलगा ६ आणि मुलगी ३ वर्षांची. नवऱ्याचे आईवडील हयात आहेत. नवरा अचानक गेला. दफनाचा खर्च, गृहकर्ज आणि बायकोची बाकी मेहर हे सगळे आधी फेडायचे असते, कारण मेहर हेही कर्जच आहे. ते फेडून ७२ लाखांची मालमत्ता उरली: फ्लॅटचे ४८ लाख आणि बँकेतल्या ठेवी २४ लाख.

यातून बायकोला आठवा हिस्सा म्हणजे ९ लाख मिळतात. वडिलांना सहावा आणि आईला सहावा, म्हणजे प्रत्येकी १२ लाख. उरलेल्या ३९ लाखांतून मुलाला २६ आणि मुलीला १३. म्हणजे ७२ पैकी ३९ लाख दोन अज्ञान मुलांच्या नावावर आहेत.

मुलांचा ताबा आईकडे राहतो. हनफी कायद्यात मुलगा ७ वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत हिजानतीचा हक्क आईचा आहे. पण ताबा वेगळा आणि मालमत्तेचे पालकत्व वेगळे. भारतात लागू असलेल्या मुस्लिम कायद्यात मुलांच्या मालमत्तेचा पालक आधी बाप, मग बापाने वसियतीत नेमलेला वसी, मग आजोबा, मग आजोबांनी नेमलेला वसी. या यादीत आई नाही. तिने मुलांच्या वाट्याचा फ्लॅट विकला तर तो व्यवहार टिकत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९१८ साली इमामबंदी खटल्यात हे ठरवले आणि न्यायालये आजही तोच आधार घेतात. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या आईला ३९ लाखांवर काहीच अधिकार नाही. तो आजोबांकडे जातो. आजोबा समजूतदार असले तर ठीक. ते थकलेले असले आणि कारभार दीर-नणंदांच्या हातात गेला, तर शाळेच्या फीसाठीही तिला हात पसरावा लागतो. आजोबा नसले तर तिला १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो.

पण त्याच यादीकडे पुन्हा पाहा. बापाने नेमलेला वसी आजोबांच्या आधी येतो, आणि वसी म्हणून बाप आपल्या बायकोला नेमू शकतो. म्हणून दोन ओळी पुरतात: "माझ्या मृत्यूनंतर माझ्या अज्ञान मुलांच्या मालमत्तेची वसी आणि पालक म्हणून मी माझ्या पत्नीला नेमतो. ती हयात नसल्यास किंवा असमर्थ असल्यास अमुक यांना नेमतो." पुढे तारीख, सही आणि दोन साक्षीदार. मुस्लिम वसियत तोंडीही चालते, पण तोंडी वसियत सिद्ध करताना जी दमछाक होते ती टाळायची तर कागद हवा, आणि नोंदणी केली तर अधिक बरे. शिया कुटुंबांनी लक्षात ठेवावे की त्यांच्याकडे आजोबा वसीच्या आधी येतात. त्यांनी आजोबांना सोबत घेऊनच हे ठरवावे.

आईनेही आपला कागद लिहावा. तिने नेमलेला पालक मुस्लिम कायद्याने बांधील ठरत नाही. मात्र दोघेही गेले आणि प्रकरण न्यायालयात आले, तर १८९० च्या कायद्याच्या कलम १७ नुसार न्यायाधीश मुलाचे हित पाहताना मृत आईबापांची इच्छाही विचारात घेतात. मुले मावशीकडे राहावीत की काकांकडे, आणि का, हे तिने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले असेल तर त्याला वजन आहे.

वसियतीची मर्यादाही समजून घ्यायला हवी. ती एक तृतीयांशापर्यंतच चालते. आपल्या उदाहरणात २४ लाख. तेही वारसाला देता येत नाहीत, मृत्यूनंतर बाकी वारसांनी संमती दिली तरच. अज्ञान मुले संमती देऊ शकत नाहीत. म्हणून "फ्लॅट बायकोला" असे लिहून ठेवले तरी मुलांचे वाटे तसेच राहतात. बायकोला घर द्यायचे तर खरेदीतच तिचे नाव हवे, किंवा हयातीत ताब्यासह केलेला हिबा हवा.

आता नॉमिनी. आपल्या या नवऱ्याने ठेवींवर लग्नाआधी भावाचे नाव टाकले होते असे समजा. बँक २४ लाख भावाच्या हाती देईल आणि मोकळी होईल. भाऊ मालक नाही, तो वारसांसाठी रक्कम धरून आहे. पण त्याने दिले नाही तर विधवेने दावा लावायचा. वसियतीत वसी बायको आणि बँकेत नॉमिनी भाऊ, ही विसंगती आजच्या आज काढता येते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी आणि त्यांची टक्केवारी देता येते. पीएफचे नॉमिनेशन लग्नानंतर नव्याने भरावे लागते. मूल नॉमिनी असेल तर त्याच्या वतीने रक्कम घेणारी सज्ञान व्यक्तीही लिहावी, आणि ती वसीच असावी.

विम्याबाबत आपल्यात धार्मिक मतभेद आहेत. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. ज्यांनी मुदत विमा घ्यायचे ठरवले आहे त्यांनी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याचे कलम ६ माहीत करून घ्यावे. १९२३ च्या दुरुस्तीपासून ते मुस्लिम पुरुषाच्या पॉलिसीलाही लागू आहे. पॉलिसी घेतानाच तसे लिहून दिले तर ती रक्कम बायकोमुलांसाठीचा ट्रस्ट बनते. वारशात येत नाही आणि त्यांच्या हिताआड सावकारही येऊ शकत नाही. समजा ती पॉलिसी ९० लाखांची आहे. बायको, मुलगा, मुलगी यांना प्रत्येकी ३० लाख लिहिता येतात. मुलीला मुलाइतकेच. विश्वस्त म्हणून बायकोचे नाव टाकावे. कोणीच नेमला नाही तर रक्कम सरकारी विश्वस्ताकडे जाते. हा अर्ज नंतर मागे घेता येत नाही, म्हणून विचार करून भरावा.

ज्यांना वाट्यांतच समता हवी त्यांना विशेष विवाह कायद्याखाली नोंदणीचा मार्ग आहे. कासरगोडचे वकील सी. शुक्कूर आणि त्यांच्या पत्नी शीना यांनी ८ मार्च २०२३ रोजी तीन मुलींसाठी तो घेतला. मग त्याच ७२ लाखांत बायको, मुलगा, मुलगी प्रत्येकी २४ लाख. पण आजीआजोबांना शून्य, त्यामुळे त्यांच्यासाठी वसियत लिहिणे भाग पडते.

आईला कायद्यानेच मालमत्तेची पालक मानावे, ही मागणी आपण सोडू नये. पण कायदा बदलेपर्यंत मुले लहान राहणार नाहीत. मशिदीच्या कमिट्या आणि निकाहनामा भरून घेणाऱ्या जमातींनी पहिल्या मुलाच्या अकीक्याच्या वेळी या दोन ओळींचा कागद बापापुढे ठेवावा. शरियतच्या विरोधात त्यात काही नाही. उलट शरियतने बापाला दिलेला अधिकार तो पहिल्यांदा वापरत असतो.