पैसे खात्यातून गेले, पण टॅक्स भरलाच नाही?

आमच्या सोसायटीतले एक काका, निवृत्त शिक्षक. इन्कम टॅक्सची 18,400 रुपयांची डिमांड आली. माणूस सरळ, वाद न घालता नेट बँकिंगने भरायला बसला. ओटीपी टाकला, पैसे कटल्याचा मेसेज आला आणि स्क्रीन तिथेच अडकली. महिना झाला तरी पोर्टलवर डिमांड जशीच्या तशी.

काका पासबुक घेऊन माझ्याकडे आले. "हे बघ, गेलेत ना पैसे?" गेलेत हो काका, पण टॅक्सच्या लेखी पासबुकातली नोंद म्हणजे भरणा नव्हे.

गोम अशी आहे. पोर्टलवर चलन बनवलं की CRN मिळतो. तो पैसे भरण्याआधीच मिळतो, म्हणजे ती नुसती पावतीची कोरी पाटी. बँकेने पैसे घेऊन पोर्टलला तसं कळवलं की मग CIN तयार होतो. त्यात बँक शाखेचा सात आकडी BSR कोड, तारीख आणि चलनाचा अनुक्रमांक असतो. काकांकडे CRN होता, CIN नव्हता. आणि "डिमांड बरोबर आहे, पैसे आधीच भरलेत" असं उत्तर द्यायला गेलं तर पोर्टल मागतं काय? चलनाचा तपशील! जो तयारच झाला नाही, तो आणायचा कुठून?

बँकेत गेलो तर उत्तर, "आमच्याकडून गेले, पोर्टलला विचारा." मी म्हटलं, तोंडी नको, लेखी द्या. CRN, बँकेचा व्यवहार क्रमांक, तारीख आणि रक्कम लिहून अर्ज दिला आणि पोचेचा शिक्का घेतला. एकच प्रश्न विचारला: पैसे सरकारी खात्यात जमा झाले की तुमच्याच मधल्या खात्यात पडून आहेत? जमा झाले असतील तर CIN द्या, नसतील तर परत करा. नवव्या दिवशी पैसे काकांच्या खात्यात परत आले. म्हणजे इतके दिवस ते बँकेतच होते! 30 दिवसांत दाद मिळाली नसती तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायची तयारी होती.

तोवर नोटिशीतली 30 दिवसांची मुदत टळली होती. त्यानंतर दरमहा 1 टक्का व्याज, आणि एक दिवस वर गेला तरी पूर्ण महिना धरतात. काकांना 184 रुपयांचा भुर्दंड. रक्कम लहान आहे, मान्य. पण चूक कुणाची आणि दंड कुणाला? पैसे वापरले बँकेने, व्याज भरलं काकांनी. माझं मत स्पष्ट आहे: खात्यातून पैसे कटले तीच भरण्याची तारीख धरा, आणि पुढच्या उशिराचं व्याज बँकेकडून घ्या.

तुमचं असं झालं तर घाबरून लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी पोर्टलवर ई-पे टॅक्समध्ये Payment History बघा, कधीकधी CIN उशिरा उगवतो. मुदत अगदी तोंडावर असेल आणि रक्कम झेपत असेल तरच पुन्हा भरा, पण पहिल्या व्यवहाराचा अर्ज त्याच दिवशी बँकेत द्या. आणि भरताना प्रकार 400 निवडा. घाईत 300 निवडला, तर चलन जमा होऊनही डिमांड हलत नाही, हे मी दुसऱ्या एका घरात पाहिलंय.

काकांनी परवा पुन्हा भरले, व्याजासकट. या वेळी CIN आल्याशिवाय खुर्चीवरून उठले नाहीत.